तळघरातला खड्डा आणि दोन पंप

नव्या इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, लोखंडी जाळीखाली एक चौकोनी खड्डा असतो. त्यात दोन सबमर्सिबल पंप उभे असतात, वर साखळ्या लोंबत असतात आणि पाण्यावर चिंचोके तरंगावेत तसे दोन-चार प्लास्टिकचे फ्लोट. वर्षातले आठ महिने त्याकडे कोणी पाहत नाही. जाळीवर जुनं टायर, मोडकी सायकल किंवा दिवाळीत काढलेलं रंगाचं सामान ठेवलेलं असतं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत लिफ्टच्या देखभालीच्या करारावर तासभर वाद होतो. खड्ड्याचा विषय निघालाच तर ‘दोन पंप आहेत ना, मग झालं’ एवढ्यावर मिटतो.

दोन पंप असणं आणि पाणी बाहेर जाणं या वेगळ्या गोष्टी आहेत. खड्डा किती मोठा, पंप किती ताकदीचा, दुसरा पंप कधी सुरू होणार आणि भोंगा कुठल्या पातळीला वाजणार, हे चार आकडे एकमेकांत गुंतलेले असतात. त्यातला एक चुकला की बाकीचे तीन बरोबर असूनही उपयोग होत नाही. हे गणित अवघड नाही. आठवीतल्या मुलाला येईल एवढंच आहे. पण ते एका ठरावीक क्रमाने करावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणी ते उलट्या क्रमाने होतं: आधी दुकानातून पंप येतो, मग त्याला बसेल असा खड्डा केला जातो आणि पाणी किती येणार हा प्रश्न पहिल्या मोठ्या पावसात विचारला जातो.

म्हणून सुरुवात पाण्यापासून करू. पुण्या-मुंबईत कुठेही सापडेल अशी एक मध्यम सोसायटी मानू. हजार चौरस मीटरचं तळघर, त्यात पार्किंग आणि खाली उतरणारा एक रॅम्प. रॅम्प ६ मीटर रुंद आणि २० मीटर लांब, वर छत नाही. म्हणजे १२० चौरस मीटर जागा आभाळाखाली उघडी. तिच्यावर पडलेला प्रत्येक थेंब उताराने तळघरातच येणार, कारण काँक्रीट पाणी शोषत नाही. रॅम्पच्या एका बाजूला इमारतीची भिंत आहे. वाऱ्याबरोबर तिरका आलेला पाऊस तिच्यावर आपटतो आणि ओघळून रॅम्पवर उतरतो. अशा भिंतीचं निम्मं क्षेत्रफळ हिशेबात धरण्याची प्रथा आहे. इथे ८० चौरस मीटर भिंत रॅम्पवर ओघळते असं धरलं, तर ४० चौरस मीटरची भर पडते. एकूण १६० चौरस मीटर.

आता पाऊस किती धरायचा? इथे पहिली फसगत होते. वर्तमानपत्रात ‘चोवीस तासांत ११० मिलिमीटर’ असं छापून येतं आणि त्या आकड्याला चोवीसाने भागून तासाला चार-पाच मिलिमीटर असा दर काढला जातो. रॅम्पला दिवसभराची सरासरी कळत नाही. वर पडलेलं पाणी मिनिटभरात खाली पोचतं. त्यामुळे रॅम्पच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो तो पाच-दहा मिनिटांच्या सरीचा जोर. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हा आकडा मुंबईकरांना पाठ आहे. त्याच दुपारी एका तासात सुमारे १९० मिलिमीटर कोसळला होता, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असतं. तळघराच्या पंपासाठी कामाचा आकडा हा दुसरा. आपल्या सोसायटीसाठी तासाला १५० मिलिमीटरचा दर धरू. असा पाऊस तासभर पडेलच असं नाही, पण दहा मिनिटं पडला तरी पंपाची परीक्षा होते.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १६० गुणिले १५०, म्हणजे तासाला २४ हजार लिटर, मिनिटाला ४००. पावसाचा हिशेब एवढाच.

दुसरं पाणी जमिनीतून येतं. भिंतींच्या सांध्यांतून, तळाच्या स्लॅबच्या कडेने झिरपणारं. त्याचा आकडा पुस्तकात सापडत नाही, तो मोजावा लागतो, आणि मोजायचा तो ऑगस्टमध्ये, जेव्हा भूजल वर आलेलं असतं. एप्रिलमध्ये कोरड्या दिसणाऱ्या भिंतीला पावसाळ्याच्या मध्यावर घाम फुटतो. मोजण्याची रीत साधी आहे. पाऊस थांबल्यावर रॅम्पवरचं पाणी निथळू द्यायचं, खड्डा उपसून घ्यायचा, पंप बंद करायचे, खड्ड्याच्या भिंतीवर खडूने रेघ मारायची आणि दहा मिनिटांनी पाणी किती चढलं ते बघायचं. आपला खड्डा दीड मीटर बाय दीड मीटरचा आहे, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ सव्वादोन चौरस मीटर. एक सेंटीमीटर उंचीत साडेबावीस लिटर मावतात. दहा मिनिटांत ९ सेंटीमीटर चढलं तर झिरपा मिनिटाला सुमारे २० लिटर. पावसाच्या ४०० पुढे हा किरकोळ वाटतो. पण तो दिवसरात्र, पाऊस नसतानाही चालू असतो, आणि वीज गेलेल्या रात्री तळघर ओलं करतो ते यानेच.

एकूण येणारं पाणी मिनिटाला ४२० लिटर झालं. पंप त्याहून थोडा वरचा, मिनिटाला ४५० लिटरचा घेऊ.

‘४५० लिटरचा पंप द्या’ असं दुकानात सांगितलं, तर दुकानदार पहिल्यांदा विचारतो, ‘किती एचपी?’ ही दुसरी फसगत. पंप किती पाणी फेकतो हे तो किती उंचीवर फेकतो यावर ठरतं. पंपाच्या पट्टीवर कमाल उंची आणि कमाल विसर्ग असे दोन आकडे छापलेले असतात आणि ते एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. कमाल विसर्ग मिळतो तो उंची जवळजवळ शून्य असताना. कमाल उंचीला पोचल्यावर विसर्ग शून्य होतो. खरं उत्तर या दोघांमधल्या वक्ररेषेवर असतं, जी कंपनीच्या माहितीपत्रकात छापलेली असते आणि जी मागितल्याशिवाय कोणी दाखवत नाही.

आपल्या तळघराची फरशी रस्त्यापासून साडेतीन मीटर खाली आहे, खड्डा आणखी दीड मीटर खोल. पंप बंद होतो तेव्हा खड्ड्यात ३० सेंटीमीटर पाणी उरतं. पाइप रस्त्याच्याही वर अर्धा मीटर चढवून मग गटारात सोडला आहे. म्हणजे पाणी उचलायचं आहे जास्तीत जास्त ५.२ मीटर. त्यात पाइपाच्या आतलं घर्षण, बेंड आणि व्हॉल्व्ह यांत खर्च होणारा दाब धरावा लागतो. ८० मिलिमीटर व्यासाच्या २५ मीटर पाइपात, ४५० लिटरच्या वेगाला, तो साधारण पावणेदोन मीटर निघतो. एकूण ७ मीटर. तेव्हा दुकानात सांगायचं ते असं: ‘सात मीटर उंचीला मिनिटाला साडेचारशे लिटर.’ यासाठी साधारण दोन एचपीचा पंप लागतो. पैसे वाचवायला पाइप ५० मिलिमीटरचा टाकला, तर याच विसर्गाला घर्षण आठ-दहा पटींनी वाढतं आणि तोच दोन एचपीचा पंप निम्मंही पाणी काढत नाही. पंप नामांकित कंपनीचा असतो, आवाजही दमदार येतो, पाणी मात्र चढतच राहतं.

पाइप रस्त्याच्या वर चढवून का न्यायचा, याला कारण आहे. मुंबईची जुनी पर्जन्यवाहिन्यांची व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली होती, आणि ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पात ती ५० पर्यंत नेण्याचं ठरलं. म्हणजे आपल्या रॅम्पवर दीडशेच्या दराने पाऊस पडत असतो, तेव्हा बाहेरचं गटार बहुधा तुडुंब भरलेलं असतं. पाइप थेट गटाराच्या पोटात सोडला असेल, तर गटारातलं पाणी त्याच पाइपाने उलटं खाली येण्याची वाट शोधतं. पाइपाला वर हंसाच्या मानेसारखा बाक दिला की ती वाट बंद होते. शिवाय प्रत्येक पंपाच्या पाइपात स्वतंत्र नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा, प्लंबरच्या भाषेत ‘एनआरव्ही’. तो एकीकडचा अडकून उघडा राहिला, तर एक मजेदार आणि महागडा प्रकार होतो: चालू पंप पाणी वर ढकलतो आणि ते बंद पंपातून पुन्हा खड्ड्यात उतरतं. मोटर गुणगुणते, पॅनलवर हिरवा दिवा असतो, खड्ड्यातली पातळी हलत नाही. बंद पंपाच्या तोंडाशी पाणी खळखळताना दिसलं की समजावं, पंप नव्हे, व्हॉल्व्ह बिघडला आहे.

आता खड्डा. तो जेवढा मोठा तेवढा चांगला, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. फार मोठ्या खड्ड्यात पाणी साचून राहतं, गाळ बसतो, वास येतो, डास होतात. फार लहान खड्ड्यात वेगळं दुखणं: पंप सारखा चालू-बंद होतो. प्रत्येक वेळी सुरू होताना मोटर नेहमीपेक्षा कितीतरी पट करंट ओढते, वाइंडिंग तापतं, आणि थंड व्हायच्या आत पुन्हा सुरू व्हावं लागलं की मोटर जळते. लहान पंपांना तासाला जास्तीत जास्त किती वेळा सुरू व्हायला चालतं हे कंपनी देते. आपण सावधपणे दहा धरू. म्हणजे एका सुरुवातीपासून दुसऱ्या सुरुवातीपर्यंत किमान सहा मिनिटं जायला हवीत.

इथे एक गंमत आहे. पंप सगळ्यात जास्त वेळा चालू-बंद होतो तो मुसळधार पावसात नव्हे. मुसळधार पावसात तो अखंड चालतो. रिमझिमीतही नाही, कारण तेव्हा खड्डा भरायलाच वेळ लागतो. सगळ्यात वाईट अवस्था येते ती येणारं पाणी पंपाच्या बरोबर निम्मं असतं तेव्हा. आपल्याकडे म्हणजे मिनिटाला २२५ लिटर. सुरू होण्याची पातळी आणि बंद होण्याची पातळी यांच्यामध्ये ६७५ लिटर पाणी मावत असेल, तर ते भरायला तीन मिनिटं लागतात. पंप सुरू झाला की तो ४५० काढतो, पण २२५ येतच असतात, म्हणून रिकामं व्हायलाही तीन मिनिटं. तीन आणि तीन सहा. आपल्याला हवा होता तोच आकडा. सूत्र म्हणून सांगायचं, तर पंपाचा मिनिटाचा विसर्ग गुणिले किमान चक्राची मिनिटं, भागिले चार.

सव्वादोन चौरस मीटरच्या खड्ड्यात ६७५ लिटर म्हणजे ३० सेंटीमीटर उंची. एवढंच कामाचं पाणी. बाकीची खोली का हवी, तर खाली पंप बुडालेला राहावा म्हणून आणि वर इशाऱ्याला वेळ मिळावा म्हणून.

तळापासून मोजत वर जाऊ. ३० सेंटीमीटरला पंप बंद. त्याखाली पाणी गेलं तर पंप हवा ओढू लागतो, आणि भोवतालच्या पाण्यानेच थंड होणारी मोटर उघडी पडते. नेमकी किमान पातळी पंपाच्या बांध्यावर ठरते, ती माहितीपत्रकातून घ्यायची. ६० सेंटीमीटरला पहिला पंप सुरू. ७५ ला दुसरा. ९० ला भोंगा. १०५ वर रॅम्पच्या पायथ्याच्या जाळीतून येणाऱ्या पाइपाचं तोंड आणि १५० वर तळघराची फरशी. पाण्याचा पाइप भोंग्याच्या पातळीच्या वर ठेवला आहे हे मुद्दाम. तो खाली असता तर पाणी आधी पाइपात आणि नालीत तुंबलं असतं, तिथला गाळ खाली बसला असता, आणि भोंगा वाजायच्या आधीच रॅम्पच्या पायथ्याशी तळं झालं असतं.

पहिला पंप सुरू झाला नाही, तर पुढे काय होतं ते घड्याळ लावून पाहू. येणारं पाणी ४२० लिटर. ६० पासून ७५ पर्यंत चढायला ४८ सेकंद. तिथे दुसरा पंप सुरू होतो आणि पाणी उतरू लागतं. खाली कोणाला काही कळतही नाही. इथेच एक धोका आहे. दुसऱ्या पंपाने गुपचूप काम निभावलं, तर पहिला मेला आहे हे महिनाभर कोणाच्या लक्षात येत नाही, आणि मग दुसराही जातो. म्हणून दुसरा पंप ‘पहिला चालत नाही’ म्हणून सुरू झाला, की पॅनलवर पिवळा दिवा लागून तो हाताने बंद करेपर्यंत राहायला हवा. हा दिवा भोंग्याहून महत्त्वाचा आहे, पण बहुतेक पॅनलांत तो बसवलेलाच नसतो.

दुसराही सुरू झाला नाही तर आणखी ४८ सेकंदांत पाणी ९० ला पोचतं आणि भोंगा वाजतो. तिथून फरशीपर्यंत ६० सेंटीमीटर, म्हणजे १,३५० लिटर. तीन मिनिटांहून थोडं अधिक.

तीन मिनिटं. एवढ्यात वॉचमनने काय करायचं? त्याची केबिन वर फाटकाशी आहे आणि भोंगा खाली पंपाच्या पॅनलवर लावला आहे, अशी रचना सर्रास दिसते. पावसाच्या आवाजात तो ऐकूच येत नाही. भोंगा केबिनमध्ये हवा, आणि त्याला बॅटरी हवी, कारण दोन्ही पंप एकदम बंद पडण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण वीज जाणं हेच आहे. विजेवर चालणारा भोंगा वीज गेल्यावर गप्प बसतो. भोंग्याचा फ्लोटही वेगळा असावा. पंप चालवणारा फ्लोट वायरमध्ये अडकला किंवा त्यावर तेलकट गाळाचा थर बसला, तर पंपही सुरू होणार नाही आणि त्याच फ्लोटवर अवलंबून असलेला भोंगाही वाजणार नाही.

फरशीवर पाणी आलं म्हणजे लगेच गाड्या बुडाल्या असं नाही. मिनिटाला ४२० लिटर हजार चौरस मीटरवर पसरलं, तर तासाला अडीच सेंटीमीटर चढतं. म्हणजे भोंगा वाजल्यावर जनरेटर लावायला, पंप हाताने सुरू करून पाहायला, लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायला आणि गाडीवाल्यांना फोन करायला खरं तर अर्धा तास मिळतो. मात्र पॅनल तळघरातच, फरशीपासून हातभर उंचीवर असेल, तर पाण्यात उभं राहून त्याला हात लावायला कोणालाही पाठवू नये. पॅनलची जागा वर, तळमजल्यावर.

दोन पंपांची व्यवस्था कशी चालवायची यावरही मतभेद असतात. ‘एक चालू, एक राखीव’ याचा अर्थ पहिला नेहमीचा आणि दुसरा अडीनडीचा, असा घेतला तर दुसरा वर्षानुवर्षं पाण्यात नुसता उभा राहतो. त्याचं सील कडक होतं, इंपेलरभोवती गाळ घट्ट बसतो, आणि ज्या रात्री त्याची गरज पडते त्या रात्री तो फिरत नाही. त्यामुळे पॅनलमध्ये आळीपाळीचा रिले असावा: एका वेळी पहिला सुरू होईल, पुढच्या वेळी दुसरा. दोघांचे चाललेले तास जवळपास सारखे राहतात. काही जण यावरून असा हिशेब करतात की, आळीपाळीमुळे प्रत्येक पंपाला विश्रांती दुप्पट मिळते, मग खड्डा निम्मा केला तरी चालेल. कागदावर ते खरं आहे. पण एक पंप दुरुस्तीला गेला की सगळा भार उरलेल्या एकावर येतो, आणि तोही पावसाळ्यात. खड्डा एकट्या पंपाच्या हिशेबाने करावा हेच बरं.

राखीव पंपाची ताकद पहिल्याएवढीच हवी. ‘दोन मिळून पुरेसे’ असं बसवलं, तर तिथे राखीव काहीच नाही. आणि दोघं एकाच पाइपात पाणी सोडत असतील, तर एकत्र चालल्यावर ९०० लिटर मिळत नाहीत. पाइपातलं घर्षण वाढतं आणि प्रत्येकाचा वाटा घटतो. आपल्या उदाहरणात साधारण ५५० ते ६०० लिटर निघतील. २००५ सारखा तासाला १९० मिलिमीटरचा पाऊस आला, तर रॅम्पवरून मिनिटाला पाचशेच्या थोडं वर पाणी येईल. दोन्ही पंप मिळून ते कसंबसं काढतील, पण त्या वेळी राखीव असं काही उरलेलं नसेल.

दोन पंपांमुळे एका पंपाच्या बिघाडाची सोय होते. दोघांना एकदम पाडणाऱ्या गोष्टींवर त्याचा उपाय नाही. वीज एक, पॅनल एक, खड्डा एक, पाइप एक. खड्ड्यात प्लास्टिकची पिशवी आली तर ती दोघांपैकी कोणाच्याही तोंडाशी जाऊ शकते. म्हणून खड्ड्याच्या आधी गाळ बसायला छोटी टाकी आणि काढता येणारी जाळी हवी. जनरेटर असलेल्या सोसायटीत तो लिफ्ट आणि जिन्याचे दिवे चालवतो. पंपाची जोडणी त्यावर आहे का, हे दहांपैकी फार थोड्या समित्यांना सांगता येतं. आणि खड्डा साफ करायला माणूस खाली उतरवू नये. कुजलेल्या गाळातला वायू डोळ्यांना दिसत नाही. पंप साखळीने वर ओढून घेता येतो, गाळ वरून उपसता येतो. साखळ्या त्यासाठीच असतात.

हे सगळं नीट केलं तरी एक पाणी असं आहे, ज्यापुढे हा हिशेब टिकत नाही: रस्त्यावरचं. समजा, रस्त्यावर पाणी तुंबलं आणि रॅम्पच्या माथ्यावरून १५ सेंटीमीटर उंचीने आत वाहू लागलं. सहा मीटर रुंदीतून ते सेकंदाला साधारण ६०० लिटर भरतं, मिनिटाला ३५ हजार लिटर. आपला पंप मिनिटाला ४५० काढतो. हजार चौरस मीटरचं तळघर अर्ध्या तासाच्या आत मीटरभर भरतं. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतल्या ओल्ड राजिंदर नगरात एका शिकवणी वर्गाच्या तळघरातल्या वाचनालयात पाणी शिरून तीन विद्यार्थी दगावले, ते रस्त्यावरचं पाणी आत घुसल्यामुळे. सप्टेंबर २०२२ मध्ये बंगळुरूच्या पूर्व भागात तळघरांतल्या गाड्या बुडाल्या, त्याही रस्त्यांवर चढलेल्या पाण्याने. अशा वेळी ‘मोठे पंप बसवा’ ही मागणी होते. ती चुकीच्या दिशेची आहे. पंचाहत्तर-ऐंशी पट मोठे पंप कोणी बसवत नाही, आणि बसवले तरी ते पाणी त्याच भरलेल्या रस्त्यावर टाकणार.

रस्त्याच्या पाण्याला उपाय रॅम्पच्या माथ्यावर असतो. तिथे रस्त्यापेक्षा वीस-तीस सेंटीमीटर उंच उंचवटा, त्यावरून गाडी चढून मग खाली उतरेल असा. ज्या भागात पाणी त्याहून वर येतं तिथे खाचेत बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या फळ्या. रस्ता दर काही वर्षांनी डांबराचे थर चढून उंच होतो आणि उंचवटा मात्र आहे तिथेच राहतो, हेही लक्षात ठेवावं लागतं. बांधकामाच्या वेळी तीस सेंटीमीटर असलेला उंचवटा दहा वर्षांनी दहाच उरलेला असू शकतो.

पंप अजून ठीक आहे का हे ओळखायला कंपनीचा माणूस लागत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पहिल्या वळवाच्या आधी, खड्ड्यात नळीने पाणी सोडून ते ६० सेंटीमीटरपर्यंत भरावं, नळी बंद करावी आणि एकेक पंप स्वतंत्रपणे चालवून पाणी ३० वर यायला किती वेळ लागतो ते मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजावं. आपल्या उदाहरणात ६७५ लिटर काढायला ४५० चा पंप दीड मिनिट घेतो. अडीच मिनिटं लागली, तर तो मिनिटाला २७० लिटरच काढतो आहे: इंपेलर झिजला आहे, पाइप गाळाने आवळला आहे किंवा एनआरव्ही पूर्ण उघडत नाही. मग भोंग्याचा फ्लोट काठीने उचलावा आणि वॉचमनच्या केबिनमध्ये आवाज येतो का ते पाहावं. शेवटी मेन स्विच पाडावा आणि जनरेटरवर पंप सुरू होतो का ते बघावं. सगळं मिळून तासाभराचं काम आहे. दोन्ही पंपांच्या वेळा तारखेसह पॅनलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवाव्यात, म्हणजे पुढच्या वर्षी मोजणाऱ्याला तुलना करता येईल.